वाढदिवसाचे खेळ आणि बक्षिसं: माईक माझ्या हातात आहे, बोलू काय?

गोंधळी_बाबा

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी आमचे चिरंजीव सात वर्षांचे होतायत. सोसायटीचा हॉल साडेपाच ते आठ मिळालाय. मुलं १८, बहुतेक पहिली-दुसरीतली. त्यांत दोन धाकटी भावंडं आहेत पाच वर्षांची, आणि एक दादा नऊ वर्षांचा. खेळ घेणारा माणूस बाहेरून आणायचा नाही असं घरात ठरलं. 'ठरलं' म्हणजे बायकोने ठरवलं. सजावट तिची, खाणं सासूबाईंचं, खेळ आणि बक्षीस समारंभ माझा.

ऑफिसात मी चाळीस लोकांसमोर बोलतो, पण ते लोक पगारासाठी ऐकतात. ही मुलं का ऐकतील? म्हणून आधीच सगळं लिहून काढायचं ठरवलं. सुरुवात अशी केली:

"प्रिय बालमित्रांनो आणि उपस्थित पालकहो, आज आपण सर्वजण एका आनंदाच्या प्रसंगी येथे एकत्र जमलो आहोत. आज आपण विविध मनोरंजक खेळ खेळणार आहोत. तरी सर्वांनी शिस्तीने सहभागी व्हावे ही विनंती."

चिरंजीवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, हे पंधरा ऑगस्टसारखं वाटतंय. आता झेंडावंदन आहे का?"

डोक्यातले खेळ: शिवाजी म्हणतो, संगीत खुर्ची, पार्सल. मग पहिला-दुसरा-तिसरा अशी बक्षिसं. कृपया हसतंखेळतं स्क्रिप्ट लिहायला मदत करा. विनोद चालतील, पण सात वर्षांच्या मुलाला कळतील असे.

मधुमालती

अय्या, किती छान कल्पना! आमच्या गणेशोत्सवात मी मुलांची नाटुकली बसवते. माझ्याकडे एक स्क्रिप्ट तयार आहे, जंगलातल्या प्राण्यांचा वाढदिवस. अकरा पात्रं आहेत, उरलेली मुलं झाडं होतील. पण रविवारपर्यंत पाठांतर होईल का? हत्तीचे संवाद जरा लांब आहेत.

गोंधळी_बाबा

मधुमालती ताई, नाटक नाही हो. खेळ घेताना मी काय बोलायचं ते हवंय. (पण हत्ती राखून ठेवा, पुढच्या वर्षी लागेल.)

कट्टेकरी

एवढा विचार कशाला? आमच्या वेळी स्क्रिप्ट नव्हतं. टेपरेकॉर्डर लावायचा, बंद करायचा, एकेक खुर्ची काढायची. जो आऊट तो आऊट. रडला तर रडला, वेफर दिले की गप्प. हल्ली सगळ्यांना जिंकवायचं खूळ आलंय. मुलांना हरता आलं पाहिजे. पहिला-दुसरा-तिसरा ठेवा, बाकीच्यांना टाळ्या वाजवू द्या.

शाळाताई

मी दुसरीच्या वर्गाला शिकवते, आणि मे महिन्यात सुट्टीतली शिबिरंही घेते, त्या अनुभवावरून लिहितेय.

कट्टेकरींचं अर्धं बरोबर आहे. सात वर्षांच्या मुलांना कोणीतरी जिंकलेलं हवंच असतं. हरजीत काढून टाकलेला खेळ संपला की तीच विचारतात, "मग जिंकलं कोण?" त्यामुळे एक खेळ खऱ्या विजेत्याचा ठेवा. संगीत खुर्ची त्याला उत्तम.

पण १८ मुलांत एकेक खुर्ची काढायची म्हणजे १७ फेऱ्या. गाणं, धावपळ, "मी आधी बसलो" हा वाद, खुर्ची उचलणं, पुन्हा उभं राहणं, असं सगळं धरून फेरीला मिनिट जातंच. म्हणजे पहिल्यांदा बाद झालेलं मूल सोळा मिनिटं भिंतीला टेकून बसणार. बहुतेक वेळा ते मूल पाच वर्षांचं असतं. हरल्याचं रडू दोन मिनिटांत थांबतं. तुमची पार्टी कोलमडते ती नंतरच्या चौदा मिनिटांत, कारण रिकामी बसलेली मुलं दुसरा खेळ शोधतात. तो खेळ म्हणजे एकतर फुगे फोडणं किंवा पडद्याला लटकणं.

म्हणून एका वेळी तीन खुर्च्या काढा. १८ मुलांना १५ खुर्च्या, मग १२, ९, ६. इथून जरा सावकाश: ४, २, १. सात फेऱ्यांत खेळ संपतो. सुरुवातीला एकदम तिघं बाद होतात, त्यामुळे कोणाला एकट्याला वाईट वाटत नाही. बाद झालेल्यांना बाहेर बसवू नका, त्यांचा बँड करा. गाणं चालू असताना त्यांनी तालावर टाळ्या वाजवायच्या आणि गाणं थांबलं की टाळ्याही थांबवायच्या. जो वाजवत राहिला तो पकडला गेला! खुर्च्यांवरच्या मुलांइतकीच मजा त्यांनाही येते, कधीकधी जास्तच.

बोलायचं ते असं:

"मित्रांनो, खुर्च्या आहेत पंधरा, आणि तुम्ही आहात अठरा. आता काय करायचं? गाणं वाजलं की चालायचं. धावायचं नाही, चालायचं! हत्तीसारखं. थांबलं की बसायचं. बसून दाखवा बरं एकदा. वा! आता उठा."

आणि तिघं बाद झाले की: "बँडमध्ये तीन नवे कलाकार दाखल! या, या, तुमची जागा इथे. बँडची चूक पकडायला मी बसलोय हं!"

"आऊट" हा शब्द तुमच्या तोंडून एकदाही येणार नाही याकडे लक्ष द्या. मुलं म्हणतीलच, त्यांना म्हणू दे.

गोंधळी_बाबा

ताई, हे फारच कामाचं आहे. दोघं एका खुर्चीवर बसले तर? आमच्याकडे हे शंभर टक्के होणार. त्यात एक जण वकिलाचा मुलगा आहे.

शाळाताई

निवाडा करायचाच नाही. म्हणा, "दोघंही बसलेत? मग दोघंही पुढच्या फेरीत!" पुढच्या वेळी मुलं एक जास्त असतील, खेळाला काही फरक पडत नाही. निवाडा फक्त शेवटच्या एका खुर्चीला करावा लागतो. तिथे आधीच सांगून ठेवा की दोघं बसले तर ती फेरी पुन्हा. वकिलाला अपील मिळालं की तो खूश.

आणि खुर्च्या बिनहाताच्या घ्या. हाताच्या खुर्चीत कुशीतून घुसताना मुलांच्या बरगड्यांना लागतं. प्लास्टिकच्या खुर्च्या गुळगुळीत फरशीवर सरकतात, म्हणून एका लांब ओळीपेक्षा दोन ओळी पाठीला पाठ लावून मांडा. मोजे काढायला लावा.

निवांत_कोकणी

शिवाजी म्हणतो साठी एक सूचना. हल्ली आमच्याकडे "महाराज म्हणतात" असं म्हणतात. आजोबा मंडळी हॉलमध्ये असतील तर तेच बरं पडेल. खेळ तोच.

गोंधळी_बाबा

मान्य. त्याचं स्क्रिप्ट मी लिहिलंय, बघा:

"सावधान! मी जे सांगेन ते करायचं, पण फक्त 'महाराज म्हणतात' असं म्हटलं तरच. महाराज म्हणतात, हात वर! महाराज म्हणतात, नाक धरा! महाराज म्हणतात, एका पायावर! ... पाय खाली! अरेरेरे, महाराज म्हणाले का?"

मग चुकलेले बाजूला. पण आता बाजूला काढण्यात अर्थ नाही असं दिसतंय.

शाळाताई

हा खेळ पहिला ठेवा. पाहुणे एकदम येत नाहीत, साडेपाच म्हटलं की पावणेसहापर्यंत येत राहतात. या खेळात कोणीही मधूनच येऊन उभं राहू शकतं, संगीत खुर्चीत तसं होत नाही.

कोणालाच बाजूला काढू नका, "मुलं विरुद्ध बाबा" असा सामना लावा. फळ्यावर दोन रकाने. हुकूम सगळ्यांनी बरोबर पाळला तर मुलांना एक गुण. कोणी फसलं तर बाबांना. बाबा हरतायत हे बघण्यासाठी मुलं जिवाचा कान करतात. शेवटी बाबांना हरायचंच आहे, पण एका गुणाने, आणि हरल्यावर जोरात हळहळायचं: "हे चालणार नाही! माझी आई कुठे आहे? आई, ही मुलं मला हरवतायत!" आजी हॉलमध्ये असेल तर हशा पक्का.

पेटीवाली

शाळाताई, एक शंका. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला असंच केलं होतं. एक छोटा मुलगा दर वेळी चुकायचा आणि मग सगळे त्याच्यावर ओरडायचे, "तुझ्यामुळे गुण गेला!" तो शेवटी टेबलाखाली जाऊन बसला.

शाळाताई

बरोबर पकडलंत. एका मुलाच्या चुकीने गुण जाऊ द्यायचा नाही. नियम असा सांगा: "तीन किंवा जास्त जण फसले तर गुण माझा." मग कोण चुकलं हे कोणाला शोधता येत नाही. तरी कोणी बोट दाखवलंच तर तेवढ्यापुरतं बाबांनी स्वतः चुकायचं. "पाय खाली" म्हणताना स्वतःच पाय खाली टाकायचा आणि म्हणायचं, "अरे, मीच फसलो की!"

दुबईकर_आई

मला जरा वेगळंच विचारायचंय. माझ्या मुलाला मोठा आवाज सहन होत नाही. फुगा फुटला किंवा माईक किंचाळला की तो कानांवर हात ठेवून बाहेर पळतो. तो कुठल्याच वाढदिवसाला पूर्ण वेळ थांबत नाही. अशा मुलांसाठी स्क्रिप्टमध्ये काही करता येतं का, की पालकांनी आणूच नये?

शाळाताई

आणा, नक्की आणा. यजमानांनी आदल्या दिवशी अशा मुलाच्या आईशी बोलून घ्यावं. माझा अनुभव असा की कामगिरी दिली की ही मुलं टिकतात. गाणं थांबवायचं बटण त्याच्या हातात द्या. आवाज कधी थांबणार हे त्याला आधी माहीत असतं, त्यामुळे दचकायला होत नाही. आणि १८ मुलांच्या हॉलमध्ये माईक लागतच नाही. माईक आला की तुम्ही ओरडता, मग मुलंही ओरडतात.

गोंधळी_बाबा

धाग्याचं नावच गेलं मग!

पण माईक नसेल तर गप्प कसं करायचं? "शांत बसा" म्हणून घरात एक मुलगा ऐकत नाही, तिथे अठरा.

कट्टेकरी

"गणपती बाप्पा" म्हणा. अख्खा महाराष्ट्र "मोरया" म्हणतो. माझ्या नातवाच्या मुंजीत दोनशे माणसं एका हाकेत वळली.

शाळाताई

वळवायला उत्तम. पण "मोरया"ने आवाज चढतो, उतरत नाही. म्हणून त्याच्या पाठोपाठ आवाज खाली आणायचा. "गणपती बाप्पा!" "मोरया!" मग हळू: "गणपती बाप्पा..." "मोरया..." मग अगदी कुजबुजत. तिसऱ्या वेळी मुलं आपोआप पुढे वाकून कुजबुजतात. त्याच कुजबुजत्या आवाजात पुढच्या खेळाचं पहिलं वाक्य सांगायचं. पुन्हा आवाज चढवून "हां, तर आता" म्हणालात की सगळं वाया.

सूचना एका दमात तीनच द्या. चौथी त्यांना ऐकूच येत नाही. आणि सांगण्याऐवजी करून दाखवा.

पेटीवाली

पार्सलबद्दल मी लिहिते, तो माझा प्रांत. दर वर्षी घरातली सगळी पार्सलं मीच बांधते.

१८ मुलांचं एकच पार्सल करू नका. अठरा थर गुंडाळले की फुटबॉल होतो, आणि तो गोलात फिरून यायला वेळ लागतो. नऊ-नऊ मुलांचे दोन गोल, दोन पार्सलं, प्रत्येकी नऊ थर, गाणं एकच. दुसऱ्या गोलाला तो नऊ वर्षांचा दादा द्या. त्याला खेळायला सांगितलं तर तो लहान मुलांना चिरडेल. पंच केलंत की जबाबदारीने वागेल.

थर आलटून पालटून गुंडाळा, एक वर्तमानपत्राचा, एक रंगीत कागदाचा. सगळे वर्तमानपत्राचे असले तर आपला थर कुठे संपला हे मुलांना कळत नाही आणि एक जण तीन थर फाडून मोकळा होतो. प्रत्येक थराला चिकटपट्टीचा एकच छोटा तुकडा, टोक दुमडलेलं. पूर्ण गुंडाळून चिकटवलंत तर सात वर्षांच्या बोटांना ते सुटत नाही, मग दातांनी चालू होतं.

प्रत्येक थरात एक चॉकलेट आणि एक चिठ्ठी. चॉकलेट शेंगदाणा-काजूचं नको, कोणाला त्रास असला तर पंचाईत. सगळ्यांत आत एकच मोठी भेट ठेवू नका. नऊ स्टिकर किंवा नऊ खोडरबर ठेवा. शेवटचा थर ज्याच्याकडे आला त्याने गोलात वाटायचे. म्हणजे शेवटी "मलाच का नाही" हा प्रश्न उरत नाही.

गोंधळी_बाबा

चिठ्ठीत "गाणं म्हण", "नाचून दाखव" असं लिहू का?

पेटीवाली

एकट्याने करायचं काहीही नको. लाजरं मूल असतंच एक, ते पार्सल शेजाऱ्याच्या अंगावर टाकून आईकडे पळतं. सगळ्या गोलाने करायचं लिहा: "सगळ्यांनी मांजर होऊन दूध प्या", "शेजाऱ्याशी पंजा लढवा", "सगळ्यांनी आजीसारखं सुईत दोरा ओवा". चिठ्ठी तुम्ही वाचा. आमच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांना देवनागरी अक्षरं जोडून वाचायला एवढा वेळ लागतो की बाकीचे उठून जातात.

शाळाताई

छान. त्यात एवढंच की गाणं थांबवणाऱ्याने गोलाकडे तोंड करून बसावं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक थर येईल असं थांबवता येतं. मात्र ओळीने थांबवू नका, दुसऱ्या फेरीतच त्यांना कळतं. दोन गोल असले की दोन्हीकडे नेम साधता येत नाही. पण दादाने एवढा नियम पाळला तरी पुरे: ज्याने थर उघडलाय त्याने पार्सल पुन्हा आलं तर उघडायचं नाही, पुढच्या न उघडलेल्याला द्यायचं.

निवांत_कोकणी

फोन विमान मोडवर ठेवा. माझ्या पुतण्याच्या वाढदिवसाला ऐन खुर्चीच्या वेळी मेव्हण्याचा फोन आला, गाणं आपोआप थांबलं आणि सगळी मुलं बसली. कोणी मानेना की हा अपघात होता. गाणी आधी उतरवून ठेवा, नाहीतर मधेच जाहिरात लागते. आणि बिनतारी स्पीकरवर बटण दाबल्यानंतर गाणं किंचित उशिरा थांबतं, तेवढा अंदाज घ्या.

कट्टेकरी

बरं, बक्षिसांचं काय ठरलं? सगळ्यांना द्यायचं म्हणजे कोणालाच न दिल्यासारखं, एवढं लक्षात ठेवा.

शाळाताई

सगळ्यांना "सहभागाबद्दल" दिलं तर खरंच तसं होतं, मुलं ते लगेच ओळखतात. म्हणून प्रत्येकाला बक्षीस द्या, पण त्या दिवशी त्याने जे केलं त्यासाठी. ते आधी लिहून आणता येत नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाला, आत्या असो की मामी, वही-पेन देऊन कोपऱ्यात बसवा. तिच्याकडे १८ नावं. खेळ चालू असताना प्रत्येक नावापुढे बघितलेली एक गोष्ट तिने लिहायची. पार्सलचा खेळ सुरू होईपर्यंत कोणाचं नाव रिकामं राहिलं तर तिने उरलेला वेळ त्याच मुलाकडे बघायचं. गप्प मुलंच रिकामी राहतात, ती दिसत नाहीत.

उदाहरणार्थ वहीत असं असेल: "खुर्ची मिळाली होती तरी धाकट्याला दिली", "बँडमध्ये एकदाही चुकली नाही", "मांजर होऊन जमिनीवरचं दूध प्यायला". त्याचं बोलणं असं करायचं:

"पुढचं बक्षीस आहे... एका मांजराला! या मांजराने आज इतकं खरं दूध प्यायलं की मला वाटलं फरशी पुसायला नको. कोण आहे ते मांजर?"

मुलं स्वतःच नाव ओरडतात. मग तुम्ही नाव घ्यायचं. १८ मुलांना प्रत्येकी वीस सेकंद म्हणजे सहा मिनिटं. त्याहून लांबवलंत तर शेवटच्या पाचांकडे कोणी बघणार नाही.

बक्षीस सगळ्यांना सारखंच हवं, एकाच रंगाच्या कागदात. किताब वेगळे असले की वस्तू वेगळी लागत नाही. रंगही वेगळे नकोत, नाहीतर गुलाबी-निळ्याचं भांडण अर्धा तास. खुर्चीच्या विजेत्याला मात्र त्याच खेळानंतर लगेच डोक्यावर कागदी मुकुट. कट्टेकरी, हा तुमचा पहिला नंबर.

कट्टेकरी

मुकुट मान्य. पण "सर्वात बडबड्या", "सर्वात खादाड" असे गमतीचे किताब दिले तर जास्त हशा येईल.

शाळाताई

हशा येईल, पण त्या मुलावर. खादाड म्हटलेलं मूल त्या दिवशी दुसरा सामोसा घेत नाही. केलेल्या गोष्टीला किताब द्या, स्वभावाला आणि अंगकाठीला नको. नावांचंही तसंच. घरात चिंगी किंवा बाबू म्हणत असतील, पण चारचौघांत कोणतं नाव घ्यायचं ते आईला आधी विचारून घ्या. उच्चारही.

दुबईकर_आई

वाढदिवसाच्या मुलाला बक्षीस द्यायचं का? आमच्याकडे मागच्या वर्षी पार्सलमधली भेट नेमकी माझ्याच मुलीला आली आणि पाहुण्यांची मुलं "हिने मुद्दाम केलं" म्हणाली.

शाळाताई

त्याने बक्षिसं वाटावीत. बाबा बोलणार, तो हातात देणार. त्याला काम मिळतं आणि महत्त्वही मिळतं.

पेटीवाली

मला हे पटत नाही. सात वर्षांचं मूल वाटप करत उभं, सगळ्यांच्या हातात काहीतरी, त्याचे हात रिकामे. माझ्या सासूबाई तर म्हणतात पार्सल उत्सवमूर्तीकडेच थांबलं पाहिजे. शेवटचं बक्षीस त्याच्या नावाचं असावं, पाहुण्या मुलांपैकी कोणीतरी धाकट्याने द्यावं.

शाळाताई

तसंही चालेल. पण त्याच दिवशी त्याला १८ भेटी मिळतायत हे पाहुण्या मुलांना दिसत असतं. मी देणार नाही.

गोंधळी_बाबा

हा निर्णय घरच्या न्यायालयात जाईल.

आतापर्यंतचं जोडून असं झालंय, चुकलं तर सांगा. साडेपाचला महाराज म्हणतात, सगळे येईपर्यंत. सहाला संगीत खुर्ची. सव्वासहाला पाणी आणि पाच मिनिटं मोकळीक. मग पार्सल, दोन गोल. पावणेसातला बक्षिसं. सातला औक्षण, केक, मग जेवण. सुरुवात अशी करीन:

"नमस्कार! मी कोण? बरोबर, बर्थडे बॉयचा बाबा. आज घरी मला कोणी बोलू दिलं नाही, म्हणून सगळं इथे बोलणार आहे. गणपती बाप्पा!"

(मोरया, तीन वेळा, खाली उतरत.)

"आज एक सामना आहे. एका बाजूला तुम्ही अठरा. दुसऱ्या बाजूला... मी एकटा. घाबरलात? मीच घाबरलोय. उभे राहा. माझ्याकडे बघा. महाराज म्हणतात, हात वर!"

पार्सलच्या आधी: "मोठं गुपित आहे, पुढे या. पोस्टमनकाकांनी दोन पार्सलं आणलीत. पत्ता लिहायला विसरले. आता कोणाचं आहे ते गाणं ठरवेल. मांडी घाला. हात पुढे. शेजाऱ्याकडे द्यायचं, फेकायचं नाही."

बक्षिसांच्या आधी: "आत्याच्या हातात एक वही आहे. तुम्ही खेळत होतात तेव्हा ती हेरगिरी करत होती. तिने तुमचं सगळं बघितलंय! वाचू का?"

पेटीवाली

हेरगिरी झकास! पण आत्याचं अक्षर वाचता येतं ना, आधी बघून घ्या.

निवांत_कोकणी

केक आधी कापा हो. सातपर्यंत उपाशी मुलं खेळणार? आमच्याकडे केक आधी, खेळ नंतर, कोणी कुरकुरत नाही.

शाळाताई

भूक लागते हे खरं, म्हणून सव्वासहाला पाण्याबरोबर काहीतरी छोटं द्या, मुरमुरे किंवा केळ्याचे वेफर. केक आधी कापला की हात चिकट, पोट जड, आणि अर्धे पालक "निघतो हं" म्हणत उभे. बक्षिसांना मुलं उरत नाहीत.

निवांत_कोकणी

आमच्याकडे उरतात. कोकणात पुढची एसटी रात्री उशिरा असते.

गोंधळी_बाबा

सासूबाईंनी धागा वाचला. त्यांचं म्हणणं, औक्षण सगळ्यात आधी, मुलगा घामाघूम व्हायच्या आत, बाकी तुमचं काय ते करा. म्हणजे साडेपाचला औक्षण, महाराज पावणेसहाला. केक सातलाच.

मधुमालती

मग मध्ये पाच मिनिटं मोकळी आहेत ना, सव्वासहाला? हत्तीचा एकच संवाद घ्या की.

दुबईकर_आई

शाळाताई, गाणं थांबवायचं काम मुलाला देऊन बघते. पण तो सारखं थांबवतच राहिला तर?

शाळाताई

मग खेळ लवकर संपेल, जेवण लवकर मिळेल! नाहीतर त्याला सांगा, बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली की थांबवायचं. तो टोपीकडे बघत बसेल. टोपी मात्र घरून न्यायला विसरू नका.